डबेवाल्या काकूंचं ॲप : कुठलं काम कधी पूर्ण झालं हे ठरवण्याच्या नोंदी

२ जून २०२५

पुण्यात घरगुती डबे पुरवणाऱ्या एका काकूंचं काम आजपासून घेतलं. दुपारचा डबा, सोमवार ते शनिवार, रविवारी सुट्टी, साधारण नव्वद ग्राहक. स्वयंपाकघर काकू सांभाळतात, पोचवण्याचं काम त्यांचा मुलगा बघतो. याआधी दुसऱ्या एका डेव्हलपरने हेच ॲप करायला घेतलं होतं. बरेचसे पैसे दिले गेले, ॲप उघडतंही, पण बिलं वहीशी जुळत नाहीत. काकूंच्या मते काम अर्धवट राहिलं आणि त्या डेव्हलपरच्या मते यादीतलं सगळं करून दिलं.

ती यादी काकूंनी दाखवली. पाचच ओळी: खाडा टाकण्याची सोय, महिन्याचं बिल, ऑनलाइन पेमेंट, डिलिव्हरीची यादी, लॉगिन. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, कारण या पाच ओळींत कुठलीच गोष्ट तपासून बघता येत नाही. "महिन्याचं बिल" असं लिहिलं की बिलाचं बटण केलं तरी काम झालं म्हणता येतं आणि हिशोब चुकला तरी झालं नाही म्हणता येतं.

म्हणून कोडला हात लावण्याआधी प्रत्येक सोयीची यूजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने एका वाक्यात सांगितलेली गरज, लिहायची आणि तिच्याखाली तपासणीच्या ओळी लिहायच्या, असं ठरवलं. एक साधी गूगल शीट. प्रत्येक स्टोरीला चार रकाने: कुणाला काय हवं आणि कशासाठी, कसं तपासायचं, यात काय नाही, आणि कशावर अडून आहे. पाचवा रकाना पैशांचा. एकूण ₹७२,००० आठ स्टोऱ्यांत वाटले. ज्या स्टोरीच्या तपासणीच्या सगळ्या ओळी काकूंनी स्वतः करून बघितल्या आणि मान्य केल्या, तिचे पैसे. आगाऊ रक्कम वेगळी, ती शेवटच्या दोन स्टोऱ्यांतून वळती होणार.

४ जून

पहिली स्टोरी खाड्याची. माझा कच्चा मसुदा असा होता: "ग्राहक म्हणून मला उद्याचा डबा बंद करता यावा, म्हणजे न खाल्लेल्या डब्याचे पैसे पडणार नाहीत." तपासणीची ओळ: "ग्राहकाने वेळेत खाडा टाकला तर उद्याच्या यादीत त्याचं नाव येऊ नये."

वाचून दाखवल्यावर काकूंनी मान डोलावली. मी विचारलं, वेळेत म्हणजे किती वाजेपर्यंत? काकू म्हणाल्या, रात्री दहा. मुलगा म्हणाला, सकाळी सातपर्यंत चालेल, मी निघतोच साडेदहाला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं लोक काकूंच्या फोनवर सांगतात, त्यामुळे ही वेळ कधी ठरवावीच लागली नव्हती.

मग "कशासाठी" हा भाग काकूंच्या बाजूनेही लिहायला घेतला. उद्याचा आकडा त्यांना नेमका कशासाठी लागतो? उत्तर लगेच आलं: रात्री नऊला कडधान्य भिजत घालतात. नव्वद डब्यांची उसळ की पंच्याहत्तर, हे त्याआधी कळलं तरच उपयोग. पीठ आणि भाजी सकाळी बघता येते, कडधान्य नाही. म्हणजे वेळ नऊ. दहा आणि सात या दोन्ही वेळा गळून पडल्या आणि कुणालाही कुणाची समजूत काढावी लागली नाही.

"कशासाठी" हा भाग लोक उपचार म्हणून भरतात किंवा कोरा सोडतात. माझ्या मते तपासणीच्या बहुतेक ओळी तिथूनच निघतात. तो नसता तर मी दहा लिहिलं असतं, तसं कोड केलं असतं, आणि पहिल्याच आठवड्यात काकूंनी "हे चुकलंय" म्हटलं असतं.

५ जून

नऊ वाजता म्हणजे कुणाच्या घड्याळात नऊ? मुलाच्या फोनचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे, हे तिथे बसल्या बसल्याच कळलं. ग्राहकांच्या फोनचा तर भरवसाच नाही. सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतो, भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास, म्हणजे आपले रात्रीचे नऊ तिथे दुपारचे साडेतीन. शीटमध्ये हे असं लिहिलं नाही, कारण काकूंना ते तपासता येणार नाही. त्याऐवजी या ओळी लिहिल्या:

- विनंती आमच्याकडे रात्री ८:५९ ला पोचली तर खाडा लागतो आणि ग्राहकाला "उद्याचा डबा बंद" असं दिसतं.
- ९:०० ला किंवा नंतर पोचली तर खाडा लागत नाही. "उद्याची वेळ संपली, परवापासून बंद करायचा का?" असं दिसतं.
- ग्राहकाने फोनचं घड्याळ मागे केलं तरी वरच्या दोन्ही ओळी तशाच लागू.
- नेट नसताना बटण दाबलं तर "नोंद झाली नाही" असं स्पष्ट दिसतं. नेट आल्यावर आपोआप नोंद होत नाही.

शेवटच्या ओळीवर मुलाचा आक्षेप होता, आपोआप व्हायला काय हरकत आहे? हरकत ही की ग्राहकाने साडेआठला दाबलेलं सव्वानऊला पोचेल. त्याला वाटेल खाडा लागला, इकडे कडधान्य भिजलेलं असेल. मग भांडण आमच्या दारात. पटलं.

तिसरी ओळ काकूंनी स्वतः तपासायची असं ठरलं. फोनची वेळ कशी बदलायची ते मुलगा दाखवेल.

९ जून

बिलाची स्टोरी. सगळी खरी अडचण इथे होती. आधीच्या डेव्हलपरचं ॲप गंडलं ते याच जागी, आणि आज कारण कळलं. त्याने प्रत्येक खाड्याचे पैसे वजा केले होते. काकूंच्या वहीत तसं नसतं. सलग तीन किंवा जास्त खाडे असतील तरच पैसे वजा, एक-दोन दिवसांचे नाही. डब्याचा व्यवसाय करणाऱ्यांत हा नियम इतका सर्रास आहे की काकूंना तो सांगण्यासारखा वाटलाच नव्हता.

असे गृहीत धरलेले नियम प्रश्न विचारून बाहेर येत नाहीत. "अजून काही नियम आहे का?" याचं उत्तर नेहमी "नाही" असंच येतं. म्हणून वही मागितली. मे महिन्याची पानं समोर ठेवली, एकेक ग्राहक घेतला आणि विचारत गेले, याचे इतकेच का वजा झाले? त्यातून हे निघालं:

महिन्याचा दर ₹३,१२०. एका डब्याचा दर काढताना भागायचं नेहमी २६ने, म्हणजे ₹१२०. जूनमध्ये पाच रविवार असल्याने डबे २५ होतात, जुलैत २७, तरी भागाकार २६चाच. रविवार मधे आला तर साखळी तुटत नाही. शुक्रवार १३ जून, शनिवार १४ आणि सोमवार १६ असे खाडे असले तर ते सलग तीनच. ₹३६० वजा, बिल ₹२,७६०.

मी नियम लिहून काढण्याऐवजी उदाहरणांचा तक्ता केला. काकू नियमाचं वाक्य वाचून "हो हो" म्हणतात, पण आकडा चुकीचा दिसला की लगेच बोट ठेवतात.

| खाडे | जूनचं बिल | जुलैचं बिल |
|---|---|---|
| १०, ११ जून | ₹३,१२० | ₹३,१२० |
| १३, १४, १६ जून | ₹२,७६० | ₹३,१२० |
| ३० जून, १ व २ जुलै | ₹३,१२० | ₹२,७६० |

तिसऱ्या ओळीवर बराच वेळ गेला. जूनचं बिल १ जुलैला पहाटे निघतं, तेव्हा साखळी एकाच दिवसाची असते. पुढचे खाडे टाकले जातील की नाही हे त्या वेळी माहीत नसतं. वहीत काकू हे अंदाजाने करत. आम्ही ठरवलं: साखळी ज्या महिन्यात संपेल त्या महिन्याच्या बिलात सगळी वजावट.

१२ जून

तो नियम तीन दिवसही टिकला नाही. बरं झालं, अजून कोड लिहिलं नव्हतं.

मुलाला एक जोडपं आठवलं. दरवर्षी ते मुलीकडे अमेरिकेला जातात, परत यायला पाच-सहा महिने लागतात, पण डबा सोडत नाहीत, खाडे टाकतात. आमच्या नियमाने त्यांची साखळी डिसेंबरात संपणार, म्हणजे तोवर दर महिन्याला पूर्ण ₹३,१२०चं बिल जाणार. काकू हसल्या नाहीत. त्यांचे सगळ्यात जुने ग्राहक आहेत ते.

नवा नियम: बिल निघताना साखळी तीनपर्यंत पोचली असेल तर त्या महिन्यातले खाडे त्याच महिन्यात वजा, आणि पुढच्या महिन्यात तीच साखळी चालू राहिली तर तिथले खाडे तिथे वजा, मग ते दोनच का असेनात. साखळी तीनपर्यंत पोचली नसेल तरच ती पुढच्या बिलात जाते. तक्त्यात दोन ओळी वाढल्या:

| खाडे | जूनचं बिल | जुलैचं बिल |
|---|---|---|
| २७, २८, ३० जून, १ व २ जुलै | ₹२,७६० | ₹२,८८० |
| १ ते ३१ जुलै, रविवार सोडून | ₹३,१२० | ₹० |

दुसऱ्या ओळीत २७ डबे गुणिले ₹१२० म्हणजे ₹३,२४० होतात. दरापेक्षा जास्त. साधं गणित केलं असतं तर काकूंनी ग्राहकाला ₹१२० देणं लागतं असं बिल निघालं असतं. "बिल शून्याखाली जात नाही" अशी ओळ घातली आणि ते ₹१२० पुढे ओढायचे नाहीत, हे "यात नाही" या रकान्यात लिहिलं.

शिवाय एक राहिलं होतं. कुणी आजारी पडलं आणि रात्री उशिरा फोन केला तर काकू सकाळी सातपर्यंत डबा थांबवतात. हा उशिराचा खाडा फक्त काकूंनाच टाकता येईल, डबा जाणार नाही, पण तो साखळीत धरला जाणार नाही.

१३ जून

तपासणीच्या ओळींखेरीज प्रत्येक स्टोरीला लागू होणाऱ्या चार गोष्टी शीटच्या वर एकदाच लिहिल्या: खऱ्या पत्त्यावर चालतं, मुलाच्या ॲन्ड्रॉइड फोनवर क्रोममध्ये बघितलं, सगळा मजकूर मराठीत, आणि आधी मान्य झालेल्या स्टोऱ्या मोडलेल्या नाहीत. हे प्रत्येक स्टोरीत परत लिहिलं तर शीट फुगते आणि कुणी वाचत नाही. शेवटची गोष्ट माझ्यासाठी खर्चाची आहे, कारण दर वेळी मागचं तपासावं लागतं. म्हणून बिलाचा तक्ता मी ऑटोमेटेड टेस्टमध्येच घातला. काकूंचा तक्ता आणि टेस्टमधला तक्ता एकच.

तपासायला काकूंना पाच कामाचे दिवस. उत्तर आलं नाही तर मी आठवण करणार, त्यानंतर दोन दिवसांनी स्टोरी मान्य धरली जाणार. हे आत्ताच लिहून ठेवलं, कारण गणपती-दिवाळीच्या गडबडीत असं काही मागणं अवघड जातं.

१८ जून

लॉगिनची स्टोरी अडकली. "ग्राहकाला मोबाइल नंबर टाकून ओटीपीने आत येता यावं" ही ओळ पूर्ण करणं माझ्या हातात नाही. भारतात असा एसएमएस पाठवायचा तर ज्याच्या नावाने तो जाणार त्याने दूरसंचार कंपन्यांकडे डीएलटी नावाची नोंदणी करावी लागते, पाठवणाऱ्याचं नाव आणि संदेशाचा साचा दोन्ही मंजूर व्हावे लागतात. ही नोंदणी काकूंच्या व्यवसायाच्या नावाने, त्यांच्या कागदपत्रांवर. कागद गोळा व्हायचेत.

ही स्टोरी दोन तुकड्यांत फोडली. पहिला तुकडा: टेस्ट नंबरवर ठरलेला कोड टाकून आत जाता येतं, चुकीचा कोड पाच वेळा टाकला की पंधरा मिनिटं थांबावं लागतं, जुना कोड चालत नाही. हे आज तपासता येतं, याचे पैसे आज. दुसरा तुकडा: साचा मंजूर झाल्यावर खऱ्या नंबरवर एसएमएस येतो. "कशावर अडून आहे" रकान्यात लिहिलं: काकूंची डीएलटी नोंदणी.

बिल व्हॉट्सॲपवर पाठवण्याच्या स्टोरीलाही हेच लागू. ग्राहकाने चोवीस तासांत काही लिहिलेलं नसेल तर तिथे मंजूर साचाच पाठवता येतो. शिवाय ओळ "ग्राहकाला बिल मिळतं" अशी होती, ती "बिल पाठवलं गेलं, आणि पोचलं नाही तर काकूंच्या पडद्यावर लाल खूण दिसते" अशी केली. ग्राहकाचा फोन बंद असेल तर बिल पोचवण्याची हमी मी कुठून देणार?

२४ जून

ऑनलाइन पेमेंट. काकूंची अपेक्षा एका वाक्याची: पैसे आले की बिल भरलेलं दिसावं. भरलं आणि फसलं या दोन अवस्थांच्या मधली तिसरी अवस्था यूपीआयमध्ये नेहमीची आहे, ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेलेली असते पण पेमेंट घेणाऱ्या गेटवे सेवेचा निरोप आलेला नसतो. त्या वेळी "तपासणी सुरू आहे" असं दिसतं, अर्ध्या तासाने ॲप स्वतः गेटवेला विचारतं. एकाच पेमेंटचा निरोप दोनदा आला तरी रक्कम एकदाच जमा होते. ही दोनदा निरोपाची ओळ काकूंना तपासता येणार नाही, ती मी त्यांच्यासमोर करून दाखवली आणि शीटमध्ये "दाखवलं" असं लिहिलं. रोख पैसे काकू हाताने नोंदवतील.

३० जून

बिलाच्या स्टोरीची तपासणी. पाच खऱ्या ग्राहकांचे मे महिन्याचे खाडे ॲपमध्ये भरले आणि बिलं वहीशी ताडून बघितली. चार जुळली. पाचव्यात काकूंच्या वहीत ₹८८० जास्त.

ती एप्रिलची बाकी होती. काकू म्हणाल्या, बिलात मागची बाकी नको का? शीटमध्ये ओळ होती: "बिलात एकूण देय रक्कम दिसते." मी एकूण म्हणजे या महिन्याची धरली होती, काकूंनी मागची बाकी धरून. शब्द दोन्ही बाजूंनी वाकतो.

इथे ठरवलेला नियम असा: लिहिलेल्या ओळीविरुद्ध काही घडलं तर ती चूक, मी फुकट दुरुस्त करणार. ओळच नसेल तर ते नवं काम, नवी स्टोरी, नवे पैसे. आणि ओळ असून तिचे दोन प्रामाणिक अर्थ निघत असतील तर भार माझ्यावर, कारण ओळी लिहिण्याचं काम माझं. म्हणून मागची बाकी बिलात दाखवणं मी विनामूल्य केलं, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. पण काकूंना त्या बाकीवर अर्धे पैसे भरल्याची नोंदही हवी होती, त्याची ओळ कुठेच नव्हती. त्याची नवी स्टोरी झाली, ₹४,०००. त्याबदल्यात छापील बिलाची स्टोरी काकूंनी स्वतःच काढून टाकली, तीही तितक्याचीच होती. एकूण रक्कम ₹७२,०००च राहिली.

शीटमधून आता "एकूण", "वेळेत", "योग्य", "लगेच" हे शब्द शोधून काढले. जिथे सापडले तिथे आकडा किंवा उदाहरण घातलं. "लगेच" डिलिव्हरीच्या यादीत होता, तिथे "रात्री ९:०५ पर्यंत मुलाच्या फोनवर" असं झालं.

४ जुलै

परवा, रविवारी, आषाढी एकादशी. मुलाचा फोन आला, उपवासाचा डबा ॲपमध्ये टाकता येईल का, लोक विचारतायत. एरवी रविवार बंद, पण या दिवशी काकू साबुदाण्याची खिचडी देतात.

लहान बदल वाटतो, पण "रविवारी डबा नाही" हे बिल, यादी आणि साखळी तिन्हीत गृहीत धरलेलं आहे. होकार देण्याआधी स्टोरी लिहायला बसले तर प्रश्न निघाले: हा डबा महिन्याच्या दरात की वेगळा? मागणी करावी लागणार की सगळ्यांना जाणार? शनिवारी आणि सोमवारी खाडा असलेल्याची साखळी या रविवारी तुटते का? काकूंनी दुसऱ्या प्रश्नावरच थांबवलं. या वर्षी फोनवर घेतो, म्हणाल्या. स्टोरी शीटच्या तळाशी, उघड्या प्रश्नांसह, किमतीविना ठेवली आहे.

१ ऑगस्ट

जुलैची बिलं पहाटे निघाली. काकूंनी या महिन्यातही वही ठेवली होती, तिच्याशी ताडली. ३० जूनपासून तीन दिवस गावाला गेलेल्या ग्राहकाचं बिल ₹२,७६० आलं, तक्त्यातल्या ओळीप्रमाणे. अमेरिकेतल्या जोडप्याचं शून्य.

एक ग्राहक मात्र कुठल्याच ओळीत बसत नव्हता. ३० आणि ३१ जुलैला खाडा टाकला आणि आज डबाच सोडला. साखळी दोनवर थांबलेली, ती पुढच्या बिलात जायची, पण पुढचं बिलच नाही. काकूंनी विचार करून सांगितलं, सोडून जाणाऱ्याचे दोन दिवसही वजा करा, जाताना कटकट नको. तक्त्यात नवी ओळ: शेवटच्या बिलात तीनची अट नाही, बिल ₹२,८८०. लिहिलेल्या कुठल्याही ओळीविरुद्ध हे नव्हतं, म्हणून नवी स्टोरी, ₹१,५००. काकूंनी शीटमध्येच "मान्य" लिहिलं. या ग्राहकाचं बिल आज हाताने दुरुस्त केलं आहे.

ओटीपीचा दुसरा तुकडा अजून उघडा आहे. नोंदणी झाली, संदेशाचा साचा एकदा परत आला, सुधारून पुन्हा पाठवला आहे.